चिन्ह बदलले की प्रश्नच बदलतो

दहावीच्या मुलामुलींच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना भिंगांच्या गणितांपाशी आमचा लाल पेन नेहमी थोडा थबकतो. सूत्र बरोबर असते, बेरीज-वजाबाकी बरोबर असते, एकक लिहिलेले असते, तरीही शेवटचे उत्तर चुकते. कधी उलटेच घडते. उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळते, पण त्याखाली लिहिलेले वाक्य साफ चूक असते. दोन्हीकडे दोष एकाच गोष्टीचा असतो, तो म्हणजे अंतरांना दिलेल्या धन-ऋण चिन्हांचा.

चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन जिल्ह्यांत अनेक घरांमध्ये अभ्यास घेणारे अब्बा, अम्मी, मामू किंवा कॉलेजात जाणारी आपा असते. शिकवणी सगळीकडे मिळत नाही. सिरोंचा, अहेरी, कोरपना अशा भागांत तर घरातल्या माणसांनीच वही पाहावी लागते. ही वही पाहताना नेमके काय पाहावे, एवढाच या महिन्याचा विषय.

आधी नियम समजून घेऊ. नववीत आरशांचे सूत्र येते आणि दहावीत भिंगांचे. दोन्हीकडे आपले पाठ्यपुस्तक कार्टेशियन चिन्ह संकेत वापरते. आलेखाच्या कागदावर जसा मध्यबिंदू धरतो, तसा इथे आरशाचा ध्रुव किंवा भिंगाचा प्रकाशीय मध्य धरायचा आणि सगळी अंतरे तिथूनच मोजायची. वस्तू डावीकडे ठेवायची, म्हणजे प्रकाश डावीकडून उजवीकडे जातो. मध्यबिंदूच्या उजवीकडची अंतरे धन, डावीकडची ऋण. मुख्य अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण. म्हणून खऱ्या वस्तूचे अंतर `u` नेहमी ऋण येते. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर `f` धन आणि अंतर्वक्र भिंगाचे ऋण. आरशांत मात्र अंतर्गोल आरशाचे `f` ऋण आणि बहिर्गोल आरशाचे धन, कारण अंतर्गोल आरशाची नाभी आरशासमोर, म्हणजे वस्तूच्याच बाजूला असते.

सूत्रे अशी:

```
भिंग:  1/v - 1/u = 1/f     M = v/u
आरसा:  1/v + 1/u = 1/f     M = -v/u
```

यात `v` म्हणजे प्रतिमेचे अंतर आणि `M` म्हणजे विशालन, अर्थात प्रतिमा वस्तूच्या किती पट आहे ते. `M` धन आले तर प्रतिमा सुलट, ऋण आले तर उलट.

आता एक साधा प्रश्न घेऊ. १० सेंटीमीटर नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर १५ सेंटीमीटरवर २ सेंटीमीटर उंचीची वस्तू ठेवली आहे. प्रतिमा कुठे, कशी आणि किती मोठी मिळेल? बरोबर उत्तर असे येते:

```
u = -15,  f = +10
1/v = 1/f + 1/u = 1/10 - 1/15 = 1/30
v = +30
M = v/u = 30/(-15) = -2
```

प्रतिमा भिंगाच्या पलीकडे ३० सेंटीमीटरवर, वास्तव, उलट आणि दुप्पट, म्हणजे ४ सेंटीमीटर उंचीची. पडदा धरला तर ती पडद्यावर दिसेल.

याच प्रश्नाची दोन चुकलेली उत्तरे आपण तपासू. दोन्ही नमुने आम्हाला दर वर्षी भेटतात.

पहिल्या वहीत मुलाने `u = 15` असे लिहिले, ऋण चिन्ह दिलेच नाही. मग `1/v = 1/10 + 1/15 = 1/6`, म्हणून `v = 6`. पुढे `M = 6/15 = 0.4`. आणि शेवटी वाक्य आले, "प्रतिमा ६ सेंटीमीटरवर, वास्तव व उलट." आईने किंवा आपाने हे तपासायला घेतले तर ती बहुधा ताळा करून पाहील. उत्तर परत सूत्रात घातले की `1/6 - 1/15` होते `3/30`, म्हणजे `1/10`. ताळा जुळला! घरातले मोठे माणूस म्हणेल, बरोबर आहे.

इथेच सावध व्हायला हवे. ताळ्याने आकडेमोड तपासली जाते, चिन्ह तपासले जात नाही. जे चिन्ह मुलाने आधी चुकवले, तेच आपण ताळ्यात पुन्हा घातले, मग तो जुळणारच. चिन्हाची चूक पकडायला दुसरी वाट हवी. ती वाट याच उत्तरात दडलेली आहे. मुलाने विशालन धन ०.४ काढले आणि खाली "उलट" लिहिले. धन विशालन म्हणजे सुलट. आकडा एक सांगतो आणि वाक्य दुसरे. मुलाने वाक्य पाठांतरातून लिहिले आणि आकडा चुकलेल्या चिन्हातून आला, म्हणून दोघांचे पटले नाही. शिवाय खऱ्या वस्तूची बहिर्वक्र भिंगाने मिळणारी वास्तव प्रतिमा नाभीच्या अलीकडे, म्हणजे इथे १० सेंटीमीटरपेक्षा जवळ, कधीच पडत नाही. खूप दूरच्या वस्तूची प्रतिमा नाभीवर पडते आणि वस्तू जवळ आणावी तशी ती आणखी मागे सरकते. त्यामुळे ६ हा आकडा पाहताक्षणीच खटकला पाहिजे.

मग हे ६ आले कुठून? आमच्या मते तपासणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे. ६ हा आकडा निरर्थक नाही. तो एका वेगळ्याच प्रश्नाचे अगदी अचूक उत्तर आहे. दुसऱ्या एखाद्या भिंगामधून आलेले किरण या भिंगाच्या पलीकडे १५ सेंटीमीटरवर एकत्र येणार होते आणि वाटेत हे भिंग आले, असे समजा. अशा वेळी `u` खरोखर धन असते, किरण ६ सेंटीमीटरवर एकत्र येतात आणि विशालन ०.४ येते. दुर्बिणीसारख्या अनेक भिंगांच्या उपकरणांत असे प्रसंग येतात. मुलाने गणित चुकवले नाही, त्याने न विचारलेला प्रश्न सोडवला. चिन्ह म्हणजे आकड्याला लावलेला अलंकार नव्हे, ते प्रश्नातली माहिती सांगते. ते बदलले की प्रश्नच बदलतो.

उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलांच्या वहीत या चुकीचे एक खास कारण आम्हाला दिसते. उजवीकडून डावीकडे लिहायची सवय असल्याने एखादा मुलगा वस्तू भिंगाच्या उजवीकडे काढतो. मग त्याला पाठ झालेला नियम आठवतो की उजवीकडचे अंतर धन, आणि तो `u = +15` लिहितो. पुढे "मुहद्दब अदसा, म्हणजे नाभीय अंतर धन" हेही पाठ असते, म्हणून `f = +10`. अर्धा नियम त्याच्या आकृतीचा आणि अर्धा पुस्तकाच्या आकृतीचा, अशी सरमिसळ झाली. त्याने आकृती उलटी काढली हा गुन्हा नाही. उजवीकडे वस्तू ठेवली तर प्रकाश डावीकडे जातो, नाभी डावीकडे येते, म्हणून त्याच्या आकृतीत `f` सुद्धा ऋण घ्यायला हवे होते. तसे करून पाहू:

```
u = +15,  f = -10
1/v = -1/10 + 1/15 = -1/30
v = -30,  M = -30/15 = -2
```

प्रतिमा डावीकडे, म्हणजे भिंगाच्या पलीकडेच, ३० सेंटीमीटरवर, उलट आणि दुप्पट. तेच खरे उत्तर! चिन्हांची पद्धत कोणतीही असो, ती शेवटपर्यंत एकच ठेवली तर निसर्ग तेच उत्तर देतो. तरीही परीक्षेत पुस्तकाची पद्धत वापरावी, कारण तपासणारा तीच अपेक्षा धरून वाचतो. अशा मुलाला "चिन्हे पाठ कर" असे सांगण्यापेक्षा "प्रकाशाचा बाण आधी काढ आणि वस्तू डावीकडे ठेव" असे सांगितले तर चूक मुळापासून जाते.

दुसऱ्या वहीतली चूक जास्त फसवी आहे. मुलीने सूत्र लिहिले `1/v + 1/u = 1/f`, कुठेही ऋण चिन्ह घेतले नाही, आणि `1/v = 1/10 - 1/15` करून `v = 30` काढले. उत्तर पुस्तकाशी जुळते. पुढे `M = v/u = 30/15 = 2`, आणि वाक्य, "प्रतिमा सुलट व दुप्पट." घाईत तपासणारा ३० पाहून बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो.

हे सूत्र मुलीने हवेतून आणलेले नाही. जुन्या काही पुस्तकांत "वास्तव ते धन" अशी पद्धत होती. तीत खऱ्या वस्तूचे आणि वास्तव प्रतिमेचे अंतर धन, आभासी प्रतिमेचे ऋण, आणि आरसा असो की भिंग, सूत्र एकच: `1/v + 1/u = 1/f`. घरातल्या मोठ्या माणसांपैकी कोणी अशा पुस्तकातून शिकले असेल तर ते मुलांना हेच सांगतात, आणि त्यांचे चुकत नाही. ती पद्धतही आपल्या जागी पूर्ण आहे. तिच्यात `v` धन आले म्हणजे प्रतिमा वास्तव, आणि एका भिंगाने मिळणारी खऱ्या वस्तूची वास्तव प्रतिमा उलटच असते. मुलीने अंतर जुन्या पद्धतीने काढले आणि विशालनाचे सूत्र नव्या पुस्तकातून घेतले. नव्या पद्धतीत `u` ऋण असल्यामुळे `v/u` ला आपोआप ऋण चिन्ह मिळते. तिने ते ऋण चिन्ह आधीच गमावले होते, मग उलटपणा कुठून येणार?

ही चूक इतकी टिकाऊ का आहे, याचेही कारण आहे. एकच भिंग आणि खरी वस्तू असेल तर दोन्ही पद्धतींत `v` चे उत्तर चिन्हासकट एकच येते. अंतर्वक्र भिंग घेऊन पाहा. नाभीय अंतर २० आणि वस्तू ३० सेंटीमीटरवर. जुन्या पद्धतीने `1/v = -1/20 - 1/30`, नव्या पद्धतीनेही `1/v = -1/20 - 1/30`. दोन्हीकडे `v = -12`. त्यामुळे मुलांना वाटते की चिन्हांचा फारसा फरक पडत नाही. हा समज घेऊन ती आरशाच्या गणिताकडे जातात आणि तिथे पाय घसरतो, कारण आरशात परावर्तित प्रकाश मागे फिरतो. तिथे जुन्या पद्धतीत धन असलेले वास्तव प्रतिमेचे अंतर नव्या पद्धतीत ऋण होते आणि अंतर्गोल आरशाचे `f` सुद्धा ऋण होते.

आरशाचे एक उत्तर पाहू. २० सेंटीमीटर नाभीय अंतराच्या अंतर्गोल आरशासमोर ३० सेंटीमीटरवर वस्तू आहे. बरोबर रीत:

```
u = -30,  f = -20
1/v = 1/f - 1/u = -1/20 + 1/30 = -1/60
v = -60
M = -v/u = -(-60)/(-30) = -2
```

प्रतिमा आरशासमोर ६० सेंटीमीटरवर, वास्तव, उलट, दुप्पट. आता मुलाने `u = -30` बरोबर घेतले, पण `f = +20` लिहिले. मग `1/v = 1/20 + 1/30 = 1/12`, `v = +12`, आणि `M = -12/(-30) = +0.4`. त्याने लिहिले, "प्रतिमा आरशामागे १२ सेंटीमीटरवर, आभासी, सुलट व लहान." या वेळी आकडा आणि वाक्य यांचे पूर्ण पटते. `v` धन म्हणजे आरशामागे, म्हणजे आभासी. `M` धन म्हणजे सुलट. ०.४ म्हणजे लहान. ताळाही जुळतो. मग चूक पकडायची कशी?

स्वयंपाकघरातला स्वच्छ स्टीलचा चमचा हातात घ्या. त्याची आतली खोलगट बाजू म्हणजे अंतर्गोल आरसा. हातभर अंतरावरून त्यात चेहरा पाहिला तर तो उलटा दिसतो. चमचा फिरवून फुगीर बाजू समोर आणा, चेहरा सुलट आणि लहान दिसतो. खोलगट बाजूने चेहरा सुलट आणि लहान कधीच दिसत नाही. अंतर्गोल आरशाची सुलट प्रतिमा मिळते ती वस्तू नाभीच्या आत असताना, आणि तेव्हा ती मोठी असते. दाढी करण्याच्या आरशाचा उपयोग तोच. म्हणजे "सुलट व लहान" हे उत्तर बहिर्गोल आरशाचे आहे, एसटीच्या चालकाच्या बाजूला लावलेल्या आरशाचे. मुलाने `f` चे चिन्ह बदलले आणि नकळत हातातला आरसाच बदलला. इथेही उत्तर चूक नाही, प्रश्न दुसरा आहे.

असे का झाले, तेही वहीवरूनच कळते. दहावीत "बहिर्वक्र भिंगाचे धन, अंतर्वक्राचे ऋण" हे घोटून घेतले जाते. हे भिंग किरण एकत्र आणते म्हणून धन, असा अर्थ मुलगा मनात धरतो. नववीचा अंतर्गोल आरसाही किरण एकत्र आणतो, मग त्याचेही धन, असे त्याला वाटते. त्याचा तर्क जुन्या पद्धतीत बरोबर ठरला असता. कार्टेशियन पद्धतीत मात्र धन-ऋण हे किरण एकत्र येतात की फाकतात यावर ठरत नाही, नाभी कोणत्या बाजूला आहे यावर ठरते. हा फरक एकदा नीट समजावला की मुले तो सहसा विसरत नाहीत. शब्दांचाही गोंधळ असतो. मराठी पुस्तकात बहिर्वक्र, उर्दूत मुहद्दब, हिंदी गाईडमध्ये उत्तल, इंग्रजी माध्यमात कॉन्व्हेक्स. एकाच घरातली तीन भावंडे तीन माध्यमांत शिकत असतील तर आधी वहीच्या मागच्या पानावर हे शब्द एका ओळीत लिहून घ्यावेत.

आणखी एक सवय इथेच सांगून ठेवतो. जे काढायचे आहे, त्याला आधीच चिन्ह लावू नये. समजा, याच आरशाचे नाभीय अंतर काढायचे आहे आणि वस्तू ३० वर, प्रतिमा पडद्यावर ६० सेंटीमीटरवर मिळाली असे दिले आहे. मुलगा विचार करतो, अंतर्गोल आहे, म्हणून लिहितो `1/(-f) = -1/60 - 1/30 = -1/20`, आणि उत्तर येते `f = +20`. चिन्ह दोनदा लागले आणि धन झाले. सूत्रात `f` साधे ठेवले असते तर `f = -20` आपोआप आले असते, आणि ते ऋण चिन्हच "आरसा अंतर्गोल आहे" अशी साक्ष देत आले असते. दिलेल्या अंतरांना चिन्ह द्यायचे, विचारलेल्याला नाही. "पडद्यावर" हा शब्दही इथे कामाचा आहे. पडद्यावर मिळते ती वास्तव प्रतिमा, आणि आरशाची वास्तव प्रतिमा समोर असते, म्हणून `v = -60`. चिन्ह अशा शब्दांतून उचलायचे असते.

आता घरी वही तपासताना काय करावे? आम्ही स्वतः तीन गोष्टी याच क्रमाने पाहतो. पहिली गोष्ट म्हणजे सूत्राच्या आधी दिलेल्या अंतरांची एक ओळ चिन्हांसह लिहिलेली आहे का. ती ओळ नसेल तर मुलाने चिन्हे सूत्रात घालताना डोक्यातल्या डोक्यात ठरवली, आणि तिथेच सरमिसळ होते. ती ओळ लिहून घेतली तरच पुढे वाचावे. दुसरी गोष्ट, `v` चे चिन्ह, `M` चे चिन्ह आणि खालचे वाक्य या तिघांचे आपसात पटते का. भिंगात `v` धन म्हणजे वास्तव आणि आरशात `v` ऋण म्हणजे वास्तव, हे लक्षात ठेवायचे. वास्तव असेल तर `M` ऋण हवे. पहिल्या दोन वह्या इथे सापडल्या. तिसरी गोष्ट, असे भिंग किंवा असा आरसा अशी प्रतिमा देऊ शकतो का. सुलट आणि लहान प्रतिमा फक्त बहिर्गोल आरसा आणि अंतर्वक्र भिंग देतात. सुलट आणि मोठी फक्त अंतर्गोल आरसा आणि बहिर्वक्र भिंग देतात, तेही वस्तू नाभीच्या आत असताना. आरशाची वही इथे सापडली. ही तिसरी गोष्ट गणिताने तपासता येत नाही, ती डोळ्यांनी पाहिलेली असावी लागते.

आकडेमोडीची चूक मात्र या तीन गोष्टींनी सापडेलच असे नाही. `1/v = 1/30` पर्यंत येऊन घाईत `v = 1/30` लिहिणारी मुले आहेत. त्यासाठी ताळा करावा. म्हणजे ताळा आकड्यांसाठी आणि वरच्या गोष्टी चिन्हांसाठी, दोन्ही लागतात.

चिन्हाचा वाद मिटवायला प्रयोगशाळा नसली तरी चालते. घरात दादीजानचा वाचायचा चश्मा असेल आणि त्याचा नंबर अधिक दोन असेल, तर ते बहिर्वक्र भिंग आहे. चश्म्याचा नंबर म्हणजे भिंगाची शक्ती, डायॉप्टरमध्ये. १०० ला नंबराने भागले की नाभीय अंतर सेंटीमीटरमध्ये मिळते, इथे ५० सेंटीमीटर. नंबराच्या आधीचे अधिक-उणे हेही आपल्या पुस्तकातलेच चिन्ह आहे. दूरचे न दिसणाऱ्या मुलाचा उणे दोनचा चश्मा म्हणजे `f = -50` चे अंतर्वक्र भिंग. तो अक्षरांवर धरून हळूहळू उचलला तर अक्षरे लहान दिसतात, दादीजानचा धरला तर मोठी.

रात्री खोलीत अंधार करा, पावसाळ्यात लाइट गेली की तो आपोआप होतोच. जमिनीवर मीटरपट्टीने किंवा शिंप्याच्या टेपने खुणा करा. चश्म्याच्या एका काचेपासून १५० सेंटीमीटरवर मेणबत्ती लावा, ज्योत आणि काच एकाच उंचीवर ठेवा. चश्मा दोन पुस्तकांमध्ये उभा राहतो. आता एका भावाला योग्य चिन्ह घेऊन गणित करू द्या आणि दुसऱ्याला चिन्ह विसरून:

```
u = -150:  1/v = 1/50 - 1/150 = 1/75,    v = 75
u = +150:  1/v = 1/50 + 1/150 = 4/150,   v = 37.5
```

पांढरा कागद आधी ३७.५ सेंटीमीटरवर धरा. उजेडाचा एक धूसर डाग दिसेल, ज्योतीचा आकार नाही. मग कागद हळूहळू मागे न्या. ७५ सेंटीमीटरच्या आसपास अचानक एक छोटी, स्पष्ट ज्योत कागदावर उभी राहील, पण उलटी आणि खऱ्या ज्योतीच्या निम्मी. `M = 75/(-150) = -0.5`, तेच ते उलटेपण आणि तेच निम्मेपण. दोन-चार सेंटीमीटर इकडेतिकडे होईल, कारण चश्म्याची काच प्रयोगाच्या भिंगासारखी बनवलेली नसते आणि टेपही थोडी हलते. पण ७५ आणि ३७.५ यांतला फरक इतका मोठा आहे की शंकेला जागा उरत नाही. काच दोन नंबरांची, म्हणजे वर दूरचा आणि खाली वाचायचा नंबर असलेली नसावी, एवढे पाहून घ्या. आणि दिवसा उन्हात या काचांचा खेळ मुलांना एकटे करू देऊ नका. आपल्या भागात उन्हाळ्यात सागाचा वाळलेला पाला पेटायला फार वेळ लागत नाही, आणि भिंगातून सूर्याकडे पाहिले तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

गुण देताना आम्ही एक पथ्य पाळतो. चिन्ह एकदाच चुकले आणि पुढची सगळी रीत त्या चुकीशी प्रामाणिक राहिली, तर आमच्या सराव परीक्षेत आम्ही एकाच ठिकाणी गुण कापतो. आरशाच्या वहीतल्या मुलाचे `v`, `M` आणि वाक्य एकमेकांशी जुळत होते, म्हणून त्याचा फक्त `f` चा गुण गेला. पहिल्या वहीतल्या मुलाने ०.४ धन काढून "उलट" लिहिले, त्याचा वाक्याचा गुणही गेला, कारण त्याने स्वतःच्या आकड्याकडे पाहिले नाही. आणि "बरोबर" ३० आणणाऱ्या मुलीला ३० चा गुण मिळाला, पण वहीच्या बाजूला आम्ही लिहिले, "`u` चे चिन्ह कुठे आहे? विशालन पुन्हा काढ." तिने `u = -15` घेऊन पुन्हा काढले, ऋण दोन आले, आणि "सुलट" शब्दावर तिनेच काट मारली. मुलांना चूक कोणत्या ओळीत झाली हे कळले तर ती तीच ओळ दुरुस्त करतात. नुसता शून्य पाहिला तर ती संपूर्ण रीत बदलून टाकतात, आणि बरोबर असलेल्या ओळीही त्यांच्या हातून जातात.